पडझड थांबली, की नुसती मंदावली?

२० मार्च २०२०, शुक्रवार. सलग चार दिवस आपटल्यानंतर निफ्टी त्या दिवशी ४८२ अंकांनी वर येऊन ८,७४५ वर बंद झाला. करोनाच्या बातम्यांनी धास्तावलेल्या बाजारात महिनाभरात असे हिरवे दिवस मोजकेच आले होते. संध्याकाळी ज्यांनी चार्ट उघडला, त्यांना खालच्या पट्टीत आणखी एक गोष्ट दिसली असणार. मॅकडीच्या हिस्टोग्राममधला लाल बार आदल्या दिवशी उणे २७९ पर्यंत खोल गेला होता. शुक्रवारी तो उणे २३७ वर आला. बार आखूड झाला, म्हणजे विक्रीचा जोर ओसरला, म्हणजे तळ झाला, असा सरळ अर्थ लावणारे त्या दिवशी कमी नसतील.

रविवारी जनता कर्फ्यू झाला. सोमवारी, २३ मार्चला, सकाळीच लोअर सर्किट लागलं, व्यवहार पाऊण तास थांबले आणि दिवसअखेर निफ्टी १,१३५ अंक, म्हणजे जवळजवळ १३ टक्के गमावून ७,६१० वर बंद झाला. शुक्रवारी आखूड बार पाहून खरेदी केलेल्याचं एका सत्रात इतकं नुकसान झालं.

गंमत अशी की मॅकडी शुक्रवारी खोटं बोलत नव्हती. तिने जे सांगितलं ते गणिताने बरोबर होतं; वाचणाऱ्याने त्यातून भलताच अर्थ काढला. या इंडिकेटरमध्ये दोन रेषा आणि एक हिस्टोग्राम असतो, आणि तिघे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घातलं की २० मार्च होतो.

मॅकडी अमेरिकेतल्या जेराल्ड अॅपेल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. तेव्हा त्यात दोन रेषाच होत्या. हिस्टोग्राम नंतर, १९८६ मध्ये, थॉमस अॅस्प्रे यांनी जोडला. रेषांचा छेद फार उशिरा मिळतो, त्याची चाहूल थोडी आधी लागावी, हा त्यांचा हेतू. आज कुठल्याही ब्रोकरच्या अॅपमध्ये मॅकडी टाकली की बहुधा हेच आकडे येतात:

```
MACD      = EMA(close, 12) - EMA(close, 26)
Signal    = EMA(MACD, 9)
Histogram = MACD - Signal
```

पहिली ओळ म्हणजे बंद भावाच्या दोन सरासऱ्यांमधलं अंतर. या साध्या सरासऱ्या नाहीत. ताज्या भावाला जास्त वजन देणाऱ्या आहेत. १२ दिवसांच्या सरासरीत आजच्या भावाचं वजन १५.४ टक्के असतं, २६ दिवसांच्या सरासरीत ७.४ टक्के. त्यामुळे पहिली सरासरी भावाच्या मागे लगबगीने धावते आणि दुसरी रेंगाळते. भाव चढत असला की वेगवान सरासरी वर राहते आणि फरक अधिक येतो. भाव पडत असला की ती आधी खाली जाते आणि फरक उणे होतो. हा फरक म्हणजे मॅकडी लाइन. तिची स्वतःची ९ दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल लाइन. आणि या दोन रेषांमधलं अंतर बारांच्या रूपात काढलं की हिस्टोग्राम.

इथवरचं सगळे सांगतात. पुढची पायरी मात्र बहुतेक जण गाळतात, आणि सगळी मेख तिथेच आहे.

समजा एखादा शेअर दररोज बरोबर १० रुपयांनी चढतोय, कित्येक आठवडे, एकही दिवस न चुकता. अशा एकसारख्या चढणीत १२ दिवसांची सरासरी भावाच्या साडेपाच दिवस मागे असते आणि २६ दिवसांची साडेबारा दिवस मागे. दोघींमधलं अंतर सात दिवसांचं. दिवसाला १० रुपये या हिशेबाने मॅकडी लाइन चढत चढत ७० पर्यंत पोहोचते आणि तिथेच आडवी होते. भाव मात्र चढतोच आहे! म्हणजे मॅकडी लाइन भाव दाखवत नाही, भावाचा वेग दाखवते. ढोबळमानाने दिवसाच्या सरासरी वेगाच्या सातपट. ती शून्याच्या वर असली की भावाची अलीकडची चाल वरची आणि खाली असली की खालची. कुठल्याही चार्टवर मॅकडीचा आकडा घ्यावा, सातने भागावं, म्हणजे दिवसाला साधारण किती अंकांची चाल चालू आहे याचा अंदाज येतो. हा भागाकार पुढे फार कामाला येणार आहे.

आता त्याच शेअरमध्ये सिग्नल लाइन काय करते? मॅकडी ७० वर आडवी झाली की चार-आठ दिवसांत सिग्नलही रखडत ७० वर येऊन टेकते. दोघींमधलं अंतर संपतं आणि हिस्टोग्राम शून्य होतो. रोज १० रुपये चढणाऱ्या, एकही दिवस न पडलेल्या शेअरचा हिस्टोग्राम शून्य. कारण हिस्टोग्राम वेगही दाखवत नाही. वेग वाढतोय की कमी होतोय तेवढंच दाखवतो. वेग स्थिर म्हणून बदल शून्य.

याला एक नेमका पुरावाही आहे. सिग्नल लाइन दररोज मॅकडीच्या दिशेने पंचमांश अंतर कापते, उरलेलं चार पंचमांश अंतर बार म्हणून दिसतं. म्हणून दररोजचा बार हा सिग्नल लाइनच्या त्या दिवशीच्या हालचालीच्या बरोबर चौपट असतो. १९ मार्च २०२० ला सिग्नल लाइन उणे ४९७ वरून उणे ५६६ वर गेली, म्हणजे ७० अंक उतरली. बार होता उणे २७९. हिस्टोग्राममध्ये सिग्नल लाइनच्या चढ-उतारापलीकडे वेगळी कुठलीही माहिती नाही, ती फक्त चौपट मोठी करून दाखवली आहे. बार शून्याच्या वर आहे तोवर सिग्नल लाइन चढतेच, खाली आहे तोवर उतरतेच.

बोरघाट उतरणाऱ्या ट्रकच्या चालकाने ब्रेकवर पाय ठेवला की काटा ८० वरून ६० वर येतो. ट्रक तरीही खंडाळ्याकडून खोपोलीकडेच चाललेला असतो. लाल बार आखूड होणं म्हणजे हा ब्रेक, आणि ट्रक उलट फिरला का हे मॅकडी लाइनला विचारायचं.

आता २०२० ची फेब्रुवारी ते मे ही चार महिन्यांची गोष्ट याच नजरेने वाचून पाहता येते. पुढचे मॅकडीचे आकडे निफ्टीच्या बंद भावांवरून काढलेले आणि पूर्णांकात आणलेले आहेत. वेगवेगळ्या अॅपमध्ये ते दोन-चार अंकांनी इकडे तिकडे दिसतील, कारण प्रत्येक अॅप सरासरी मोजायला वेगळ्या तारखेपासून सुरुवात करतं.

महाशिवरात्रीच्या सुटीनंतर २४ फेब्रुवारीला बाजार उघडला आणि निफ्टी २५१ अंकांनी पडून ११,८२९ वर आला. त्याच दिवशी मॅकडी लाइनने सिग्नल लाइनला वरून खाली छेद दिला. विक्रीचा इशारा. तिथून तळापर्यंत निफ्टी ३५ टक्क्यांहून जास्त पडला, तेव्हा या छेदाचं मोल वेगळं सांगायला नको. पण खरी परीक्षा नंतर झाली, कारण ती घसरण एका दमात झाली नाही.

२ मार्चला बार उणे ९५ होता. पुढच्या तीन दिवसांत तो उणे ९१, उणे ८५ आणि उणे ७५ असा आखूड होत गेला. निफ्टी ११,१३३ वरून ११,२६९ वर आला होता. ६ मार्चला तर पुस्तकात दाखवतात तसं चित्र तयार झालं. निफ्टी २ मार्चच्या खाली, १०,९८९ ला बंद झाला, पण बार उणे ८१, म्हणजे २ मार्चपेक्षा आखूडच. भावाने नवा नीचांक केला आणि हिस्टोग्रामने केला नाही. यालाच ट्रेडर मंडळी पॉझिटिव्ह डायव्हर्जन्स म्हणतात आणि अनेकांचा त्यावर मोठा भरवसा असतो.

त्याच वेळी मॅकडी लाइन काय म्हणत होती ते पाहा. २ मार्च, उणे १८०. ३ मार्च, उणे १९८. मग उणे २१४, उणे २२३ आणि ६ मार्चला उणे २४९. एकही दिवस ती वर वळली नाही. सातने भागलं तर दिवसाला उणे २६ वरून उणे ३६ अंकांपर्यंत वेग वाढतच होता; फक्त वाढण्याची गती आधीच्या आठवड्यापेक्षा कमी झाली होती. हिस्टोग्राम ही गती कमी झाल्याचं सांगत होता, आणि वाचणाऱ्याने ते घसरण थांबल्याचं ऐकलं. पुढच्या सत्रात, ९ मार्चला, निफ्टी १०,४५१ वर आला. दरम्यान येस बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले होते आणि सौदी अरेबिया-रशियाच्या भांडणात कच्च्या तेलाचे भाव कोसळले होते. कालपर्यंतच्या बंद भावांवर चालणाऱ्या गणिताला उद्याच्या बातम्या कळायचं कारणच नाही.

१३ मार्चचा शुक्रवार वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखा आहे. त्या सकाळी बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच निफ्टी दहा टक्क्यांहून जास्त पडला आणि व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. त्या क्षणी कोणी चार्ट पाहिला असता, तर बार हिशेबाने उणे २६५ च्या आसपास दिसला असता, आदल्या दिवशीच्या उणे १८० पेक्षा कितीतरी खोल. पण व्यवहार पुन्हा सुरू झाल्यावर बाजार असा काही उसळला की निफ्टी ९,९५५ वर, म्हणजे ३६५ अंक वर बंद झाला आणि बार उणे १७९ वर येऊन थांबला. बाजार चालू असताना दिसणारा आजचा बार कच्चा असतो. दैनिक चार्टवर तो साडेतीननंतरच पक्का होतो, आणि तोवर त्याची लांबी, रंग, अगदी छेदसुद्धा कितीही वेळा बदलू शकतो. दुपारी बारा वाजता क्रॉसओव्हर मिळाला म्हणून सौदा करणाऱ्याने संध्याकाळी चार्ट पुन्हा पाहिला तर तो क्रॉसओव्हर नाहीसा झालेला असू शकतो, आणि आठवड्याभराने मागे वळून पाहणाऱ्याला तो झाला होता हे कळतही नाही.

मग आला १९ आणि २० मार्च. १९ ला बार उणे २७९, साऱ्या घसरणीतला सर्वांत खोल. २० ला उणे २३७. मॅकडी लाइन मात्र उणे ८४६ वरून उणे ८६२ वर गेली होती, अजून खालीच. म्हणजे वेग वाढायचा थांबत आला होता, पण दिवसाला सव्वाशे अंकांच्या घसरणीचा जो जोर साठला होता तो तसाच होता. सोमवारी ७,६१० चा बंद भाव आला तेव्हा बार उणे २६५, म्हणजे भाव गुरुवारपेक्षा ६५३ अंक खाली आणि बार तरीही आखूड. पुन्हा डायव्हर्जन्स. या वेळी तो खरा निघाला. ७,६१० हा त्या घसरणीतला सर्वांत कमी बंद भाव ठरला. ६ मार्चचा डायव्हर्जन्स आणि २३ मार्चचा, यांच्यात हिस्टोग्रामपुरतं पाहिलं तर काहीही फरक नाही. कितीही निरखून पाहिलं तरी त्या बारांमधून खरा-खोटा ओळखता येत नाही.

फरक मॅकडी लाइनमध्ये होता, आणि तो दोन दिवसांनी दिसला. २४ मार्चला लाइन उणे १,००४ होती. २५ मार्चला, देशभर लॉकडाऊन लागू झाल्याच्या पहिल्या दिवशी, ती उणे ९८८ वर आली. २४ फेब्रुवारीच्या छेदानंतर ती पहिल्यांदाच वर वळली. निफ्टी त्या दिवशी ८,३१८ वर बंद झाला. त्या दिवसापासून तीन दिवस बार झपाट्याने आखूड होत गेले, उणे १८७, उणे ११०, उणे ४८. आणि या वेळी लाइनही त्यांच्यासोबत रोज चढत होती. बार आखूड होणं आणि लाइन स्वतः वळणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात यातली पहिलीच होती, दुसरी नव्हती.

३१ मार्चला मॅकडी लाइनने सिग्नल लाइनला खालून वर छेद दिला आणि बार शून्याच्या वर गेला. निफ्टी ८,५९८. तळापासून १३ टक्के वर. त्याआधी लाइन वळली तेव्हा भाव ८,३१८ होता. शेवटचा टप्पा, म्हणजे मॅकडी लाइन स्वतः शून्याच्या वर जाणं, तो ३० एप्रिलला आला तेव्हा निफ्टी ९,८६० वर पोहोचला होता, तळापासून जवळपास ३० टक्के वर.

एकाच वळणाच्या या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला किंमत मोजावी लागते. बार आखूड होणं सर्वांत आधी कळतं, स्वस्त असतं आणि बेभरवशाचं असतं. लाइन वळणं त्यानंतर. मग छेद. शून्य ओलांडणं सर्वांत उशिरा, आणि तोवर चालीचा मोठा भाग हातचा गेलेला असतो. अॅपेल यांनीही हे जाणून खरेदीसाठी चपळ आणि विक्रीसाठी सावकाश अशा दोन वेगवेगळ्या मांडण्या वापरायचा सल्ला दिला होता, कारण बाजार तळाशी सहसा झटकन वळतो आणि माथ्यावर रेंगाळतो. आपल्याकडे मात्र १२, २६, ९ हे आकडे सगळीकडे जसेच्या तसे वापरले जातात.

छेद मिळाला म्हणून भाव लगेच चढेल असंही नाही. ३१ मार्चच्या छेदानंतर १ एप्रिलला निफ्टी ८,२५४ वर आणि रामनवमीच्या सुटीनंतर ३ एप्रिलला ८,०८४ वर घसरला; दोन सत्रांत सहा टक्के. अनेकांचे स्टॉपलॉस याच दोन दिवसांत लागले असतील. हिस्टोग्राम मात्र या दोन्ही दिवशी वाढत गेला, अधिक २२ वरून ३५ आणि ३८. भाव पडतोय आणि बार वाढतोय, हे कोडं पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतं. उत्तर सरासऱ्यांमध्ये आहे. मार्चच्या मध्यातली भयानक घसरण एव्हाना १२ दिवसांच्या सरासरीत मुरली होती, ती ८,६००-८,७०० पर्यंत उतरून भावाला टेकली होती. २६ दिवसांची सरासरी मात्र अजून ९,४०० च्या आसपास लटकत होती आणि रोज शंभर अंक खाली सरकत होती. मंद सरासरी वेगवानपेक्षा जास्त भराभर उतरू लागली की दोघींमधलं अंतर कमी होतं, भाव पडत असला तरी. इथे बारांची वाढ नव्या खरेदीने झाली नव्हती. जुनी घसरण हिशेबातून मागे पडत होती. मोठ्या कोसळण्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मॅकडीचे बार नेहमीच थोडे जास्त आशावादी दिसतात ते यामुळे. ३ एप्रिलनंतर मात्र खरेदीच आली: ७ एप्रिलला एका दिवसात ७०८ अंक, आणि बार ३८ वरून ९० वर.

आता मे महिना. मॅकडीची खरी फजिती तिथे झाली.

३० एप्रिलला लाइन शून्याच्या वर गेली. महाराष्ट्र दिन आणि शनिवार-रविवार संपवून ४ मेला बाजार उघडला आणि निफ्टी ५६६ अंकांनी पडला. त्यानंतर दोन आठवडे तो ९,१५० ते ९,४०० च्या पट्ट्यात घुटमळत राहिला. मॅकडी लाइन शून्याला चिकटून सरपटत होती, उणे ७, उणे १०, उणे १४. सिग्नल लाइन खालून हळूहळू जवळ येत होती. १८ मेला निफ्टी ८,८२३ पर्यंत घसरला आणि लाइनने सिग्नलला खाली छेद दिला: विका. २७ मेला, निफ्टी ९,३१५ वर, तिने पुन्हा वर छेद दिला: घ्या. नियम पाळणाऱ्याने ८,८२३ ला विकून नऊ दिवसांनी ९,३१५ ला परत घेतलं. जवळजवळ ५०० अंकांचा फटका, आणि तोही एकही चूक न करता. याला व्हिपसॉ म्हणतात, आणि मॅकडीवर डोळे मिटून चालणाऱ्यांचे पैसे मोठ्या घसरणीपेक्षा अशाच आडव्या बाजारात जास्त जातात.

हे आधी ओळखता आलं असतं का? पूर्ण नाही, पण बऱ्याच अंशी. इथे तो सातचा भागाकार कामाला येतो. ३१ मार्चच्या छेदाच्या वेळी मॅकडी उणे ८१८ होती, म्हणजे दिवसाला सुमारे ११७ अंकांच्या घसरणीचा वेग उलटत होता. १८ मेच्या छेदाच्या वेळी ती उणे ५० च्या आसपास होती. दिवसाला सात अंक. जो निर्देशांक त्या काळात दिवसाकाठी सहज शे-दोनशे अंक हलत होता, त्यात सात अंकांच्या वेगाला काय अर्थ? दोन रेषा शून्याजवळ एकमेकींत गुंतलेल्या असल्या आणि बार बोटभर असले, तर छेद होणारच, कारण एका दिवसाच्या चढ-उतारानेही त्यांची जागा बदलते. जुनेजाणते ट्रेडर अशा वेळी मॅकडी बाजूला ठेवतात आणि भाव पट्ट्याबाहेर पडायची वाट पाहतात. शून्यापासून दूर, बऱ्याच दिवसांच्या एकमार्गी चालीनंतर आलेला छेद ते गांभीर्याने घेतात.

चार्टवर हे वाचताना रंगांची थोडी मदत होते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्रामला चार छटा असतात. शून्यावर वाढणारा बार गडद हिरवा, शून्यावरच आखूड होणारा फिका हिरवा. शून्याखाली खोल जाणारा गडद लाल, आणि शून्याखालीच आखूड होणारा फिका लाल. यातल्या दोन फिक्या छटांनीच सर्वाधिक लोक फसतात. फिका लाल दिसला की नजर आधी वर, मॅकडी लाइनवर न्यावी: ती अजून उतरते आहे का? उतरत असेल तर घसरण चालू आहे, फक्त तिची धार कमी झाली आहे. वळली असेल, तर ती शून्यापासून किती लांब वळली? आणि मग भावाकडे पाहावं: ज्या दिवशी लाइन वळली त्या दिवसाचा नीचांक मोडला की हा अंदाज चुकला असं समजून बाहेर पडायला एक ठिकाण मिळतं. २५ मार्चनंतर तो नीचांक मोडला गेला नाही.

फिक्या हिरव्याचंही तसंच. २० एप्रिलच्या आसपास हिस्टोग्राम २०८ वर माथ्याला पोहोचला आणि २१ तारखेपासून उतरू लागला. निफ्टी २१ एप्रिलला ८,९८१ वर होता. बार फिके पडले म्हणून त्या दिवशी विकलेल्यांनी नऊ दिवसांत ९,८६० पाहिला. मॅकडी लाइन त्या काळात एकही दिवस उतरली नव्हती.

एक शेवटची अडचण आकड्यांच्या मापाची. मॅकडी अंकांत किंवा रुपयांत मोजली जाते, टक्क्यांत नाही. २४ मार्च २०२० ची उणे १,००४ ही मंद सरासरीच्या सुमारे १० टक्के होती. निफ्टी २५,००० वर असताना हाच आकडा आला तर तो जेमतेम चार टक्के भरेल. सांगण्यासारखी घसरण, पण मार्च २०२० नव्हे. म्हणून जुन्या चार्टवरची पातळी आजच्या चार्टला लावू नये, आणि दोनशे रुपयांच्या शेअरची मॅकडी तीन हजारांच्या शेअरशी ताडून पाहू नये. तुलना करायचीच असेल तर मॅकडीला २६ दिवसांच्या सरासरीने भागून शंभरने गुणावं. बहुतेक अॅपमध्ये हा हिशेब `PPO` या नावाने तयार मिळतो, तेच १२, २६, ९ घेऊन. रेषांच्या वळणांत आणि छेदांत फारसा फरक पडत नाही, फक्त उजवीकडची पट्टी टक्क्यांत येते.